ढगात खोटं कोण बोलतं

धाड गावच्या सुरडकरांना कोणी भोळं म्हटलेलं अजून तरी ऐकिवात नाही. मोतीराम सुरडकर बाजाराच्या दिवशी मिरची घेऊन बसला, की आधी शेजारच्याचा काटा बघायचा, मग आपला, आणि मग आपलाच पुन्हा एकदा. रात्रीतून कोणी त्याला काही करून गेलं असेल तर? त्याची बायको मंजुळाबाई त्याच्याही वरताण. बुलढाण्याला जाणारा जीपवाला "बसा मावशी, निघालोच" म्हणाला, की ती आधी बॉनेटवर हात ठेवून बघणार. इंजिन थंड लागलं की खाली उभी राहणार. पाव्हण्यांनी पेढे आणले तर डबा उलटा करून दुकानाचं नाव वाचणार, आणि मगच "या, बसा" म्हणणार.

अशा घरात डिंपल जन्माला आली. वाण नाही पण गुण लागला म्हणायचीही सोय नाही, कारण हिला वाण आणि गुण दोन्ही लागले होते. चौथीत गुरुजी म्हणाले, पृथ्वी फिरते. ही उभी राहून म्हणाली, "मंग आपल्याले काऊन समजत नाही?" गुरुजी म्हणाले, सवय झाली म्हणून. डिंपल खाली बसली, पण गुरुजी काहीतरी लपवताहेत हा संशय तिच्या मनातून बरेच दिवस गेला नाही.

मोतीरामनं पोरीला एकच शिकवण दिली होती. मिरचीची पोती चढवता चढवता तो सांगायचा, "हे पाय डिंपल, दुसऱ्याच्या डोळ्यानं पाहू नोको अन् दुसऱ्याच्या कानानं आयकू नोको. आपलं अंग सांगते तेच खरं. अंग खोटं बोलत नाही." पोरीनं हे वाक्य पदराला गाठ मारून ठेवावं तसं ठेवलं. पुढे याच वाक्यानं तिच्या नरडीला हात घातला, पण ते नंतर.

आता अशी पोरगी लढाऊ विमानाची पायलट व्हायला निघाली म्हटल्यावर घरात काय झालं असेल? पहिला प्रश्न मोतीरामचा. "फारम कोणं भरून देल्लं? एजंट हाय का मधात?" एजंट नव्हता. इंजिनिअरिंग झाल्यावर डिंपलनं हवाई दलाची लेखी परीक्षा दिली आणि पास झाली. मग मुलाखतीला म्हैसूरला पाच दिवसांचं बोलावणं आलं. तिथे चित्रं दाखवून गोष्टी लिहायला लावतात, दहा पोरांना एक ओंडका आणि दोरखंड देऊन खड्ड्यापलीकडे जायला सांगतात, आणि मानसशास्त्रज्ञ कोपऱ्यात बसून बघत राहतो. बाकीची पोरं हसतमुख राहायचा सराव करून आली होती. डिंपलला त्या कोपऱ्यातल्या माणसाचाच संशय. हा ओंडका बघत नाही, मग काय बघतो? म्हणून ती ओंडक्याबरोबर त्या माणसावरही लक्ष ठेवून राहिली, आणि तरीही ओंडका पलीकडे गेला.

शेवटी यंत्राची परीक्षा झाली. पडद्यासमोर बसायचं, हातात दांडा, पायाखाली पेडल, समोर पळणारा ठिपका, मधूनच लागणारे दिवे आणि कानात आकडे. हात, पाय, डोळे आणि कान एकाच वेळी चालतात का, ते त्यात बघतात. या परीक्षेची गंमत अशी, की आयुष्यात ती एकदाच देता येते. नापास झालात तर पायलट होण्याचं दार कायमचं बंद. डिंपलनं तिथल्या अधिकाऱ्याला विचारलं, "एकदाच का?" तो म्हणाला, "कारण सरावानं ती फसवता येते." हे उत्तर मात्र तिला पटलं. संशयी माणसानं बनवलेलं यंत्र आहे, हे ओळखून ती निवांत बसली आणि पास झाली.

वैद्यकीय तपासणीत डोळे, कान, रंगांची ओळख, पाठीचा कणा, सगळं उलटंपालटं करून पाहिलं. बसल्यावर उंची किती, मांडी किती लांब, पाय किती लांब, तेही मोजलं. फोनवर हे ऐकून मोतीराम हबकला. "लगनाले नाही इतकं पाहून राह्यले हे. बैल घेतेत का नोकरी देतेत?" डिंपलनं समजावलं, की विमानातली जागा ठरलेली असते. संकटात खुर्चीसकट बाहेर फेकलं जायची वेळ आली आणि गुडघे लांब निघाले, तर समोरच्या चौकटीवर फुटतात. मोतीराम फोन घेऊन अंगणात गेला. मग म्हणाला, "मंजुळाले हे सांगू नोको."

पुढे चारित्र्य पडताळणीला पोलीस गावात आला, तर मोतीरामनं आधी त्याचंच ओळखपत्र मागितलं. तो पोलीस अजूनही ही गोष्ट चहाच्या टपरीवर सांगतो.

हैदराबादजवळच्या दुंडीगलच्या अकादमीत सुरुवातीचे महिने कवायत, हवामान, नकाशे आणि वायुगतीचे तास. त्यानंतर पिलाटस. हे पंख्याचं छोटं विमान, पण नवशिक्याला घाम फोडतं. आणि काय सांगू, सुरडकरांचा स्वभाव इथे सोन्याच्या भावानं गेला! उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारून चाकं, पंख, झाकणं तपासायची असतात. बाकीचे बघायचे; डिंपल हात लावून हलवून बघायची. यादीतलं वाक्य मोठ्यानं वाचायची, आणि बोट ठेवल्याशिवाय पुढे जायची नाही. इन्स्ट्रक्टर वैतागायचे, पण शेऱ्यात चांगलंच लिहायचे. खोलीवर ती खुर्चीत डोळे मिटून बसायची, हातात पाण्याची बाटली दांडा म्हणून धरायची आणि सगळं उड्डाण मनात उडवायची. तिथे सगळेच असं करतात. खुर्चीवरचं उड्डाण म्हणतात त्याला. एक दिवस इन्स्ट्रक्टर इंजिन चालू असतानाच मागच्या आसनातून उतरले आणि म्हणाले, आता एकटी जा. ती गेली, एक चक्कर मारली, उतरली. त्या रात्री मोतीरामनं फोनवर विचारलं, "मागं खरंच कोणी नोहतं?" "नोहतं बाबा." "सीटखाली पाह्यलं होतं?"

त्यानंतर वाटा फुटतात. कुणी हेलिकॉप्टरला, कुणी मालवाहू विमानांना, आणि ज्यांचे गुण, चपळाई आणि धीर तसा असेल ते लढाऊ विमानांच्या वाटेला. जागाही मोजक्याच असतात. डिंपलला लढाऊ मिळालं. हकीमपेटला किरण नावाच्या जेटवर शिक्षण झालं, मग दुंडीगलच्या संचलनात छातीवर पंख लागले. खांद्यावरच्या हुद्द्याच्या खुणेवर झाकलेली पट्टी उघडायला आई-बापांना बोलावतात. मोतीरामनं पट्टी उघडली आणि पोरीच्या छातीवरचे पंख अंगठ्यानं घासून पाहिले, की धागा पक्का आहे का नुसता चिकटवलाय. पक्का होता. मग तो तिथेच उभ्या उभ्या रडला.

हे सगळं झालं बीदरच्या आधीचं. खरी गोष्ट बीदरला सुरू होते.

बीदरला हॉक. लढाऊ पायलट घडतो तो या विमानावर. शिकणारा पुढे, शिकवणारा मागे. वळणात शरीराचं वजन कित्येक पट होतं, रक्त पायांकडे पळतं, डोळ्यांपुढे आधी राखाडी आणि मग काळं येतं. म्हणून पायाला आणि पोटाला आवळणारा सूट घालायचा, पोट आणि मांड्या घट्ट करून ठरावीक पद्धतीनं श्वास घ्यायचा. डिंपलला हे जमलं. शेतात पोती उचललेल्या पोरीचं अंग होतं ते. अंगावर तिचा भरवसाच होता, तोही वाडवडिलांपासूनचा.

तिचे इन्स्ट्रक्टर स्क्वाड्रन लीडर मोईज शेख. परभणीचे, कमी बोलणारे. आकाशात बहुतेक इंग्रजी आणि जमिनीवर मराठी. डिंपलला ते पहिल्या दिवसापासून खटकले, कारण ते कधी चिडत नसत. न चिडणारा माणूस पोटात काय ठेवतो, कुणाला कळणार?

पावसाळ्यातल्या एका सकाळी ते दोघं दाट ढगात शिरले. बाहेर सगळीकडे पांढरं. उजवीकडे एक लांब, सावकाश वळण घ्यायचं होतं. ते तिनं घेतलं, मग विमान सरळ केलं. आणि सरळ केल्याबरोबर तिच्या अंगानं ओरडून सांगितलं, की आपण डावीकडे कललोय. समोरच्या पडद्यावरचं कृत्रिम क्षितिज म्हणत होतं, सरळ आहेस. कृत्रिम क्षितिज म्हणजे ढगात जमीन दिसत नसताना विमान किती कललंय ते दाखवणारी रेघ. डिंपलनं रेघेकडे पाहिलं, अंगाकडे पाहिलं, आणि अंगावर विश्वास ठेवला. तिनं स्टिक, म्हणजे हातातला दांडा, उजवीकडे नेली. अंगाला बरं वाटलं. पण रेघ कलायला लागली, नाक खाली गेलं, उंचीचा आकडा भराभर उतरायला लागला.

"आय हॅव कंट्रोल," मागून मोईज शांतपणे म्हणाले. ताबा त्यांनी घेतला आणि विमान सावरलं.

उतरल्यावर माणूस काय करतो? गप्प बसतो, चूक झाली म्हणतो. सुरडकरांच्या लेकीनं काय केलं असेल? तिनं विमानाच्या दोषनोंदीत लिहून टाकलं, की क्षितिज चुकीचं दाखवतंय.

मोईजनी वाचलं. "मुख्य क्षितिज चुकीचं?"

"हो सर."

"आणि जोडीचं, राखीव छोटं क्षितिज?"

"तेही सर."

"दोन्ही, एकाच वेळी, एकाच बाजूला खोटं बोलले?"

"दोघांनाही वीज एकीकडूनच मिळत असेल सर," डिंपल म्हणाली. स्वतःच्या उत्तरावर तिला थोडा अभिमानही वाटला.

नोंद केली म्हणजे तपासावंच लागतं. विमान ताफ्यातून बाजूला निघालं. तंत्रज्ञांनी दुपारपर्यंत उपकरणं काढून, लावून, फिरवून पाहिली. दोष काही सापडला नाही. राखीव क्षितिजाची वीज वेगळी होती, तेही तिला कळवण्यात आलं. त्या विमानावर उडणाऱ्या दोघांची उड्डाणं त्या दिवशी रद्द झाली. त्यातला एक तिच्याच तुकडीतला हरिओम. तो हरियाणाचा, मोकळ्या तोंडाचा. जेवणाच्या टेबलावर म्हणाला, "सुरडकर, तू देवावर तरी विश्वास ठेवतेस का त्यालाही ओळखपत्र मागतेस?"

पुढच्या दोन ढगातल्या उड्डाणांत पुन्हा तेच झालं. मग तिचं नाव देखरेखीखाली गेलं. याचा अर्थ साधा होता. मोजकी जादा उड्डाणं मिळणार, ती संपल्यावर मुख्य प्रशिक्षक तपासणी घेणार. पण इन्स्ट्रक्टरनं शिफारस केली नाही तर तपासणीही नाही. लढाऊ वाट बंद, आणि फार तर दुसऱ्या कुठल्या विमानावर. धाडला काय सांगायचं? ते लोक आधीच म्हणत होते, पोरगी नेमकी उडवते का विमानात चहा देते?

आता तिचा संशय खरा चाळवला. मोईज सर आपल्याला काढणार. खुणाही तशाच दिसत होत्या. ती खोलीत शिरली की सर बोलणं थांबवायचे. एकदा त्यांनी सहज विचारलं, "हेलिकॉप्टर कसं वाटतं तुला?" सहज? असं सहज कुणी विचारतं होय! दोनदा मुख्य प्रशिक्षकांच्या खोलीचं दार लावून दोघं बोलत बसलेले दिसले. मग तिला रीतसर विचारण्यात आलं, की इन्स्ट्रक्टर बदलून हवा आहे का. ही सोय असते. कधी कधी दोघांचं जमत नाही. डिंपल रात्रभर विचार करत राहिली. बदलून मागावा तर नवा माणूस कसा निघेल कोण जाणे. आणि हे आपल्याला विचारतातच का? डाव असेल. शेवटी तिनं "नको" म्हणून कळवलं. ओळखीचा चोर परवडला.

दुसऱ्या दिवशी मोईजनी तिला ब्रीफिंगच्या खोलीत बोलावलं. मध्ये फिरती खुर्ची ठेवली होती, आणि कोपऱ्यात मदतीला हरिओम. तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, मान सरळ ठेवायला सांगितली आणि खुर्ची सावकाश, एका लयीत फिरवायला लागले.

"कुठे फिरतेयस?"

"उजवीकडे."

थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. डिंपल म्हणाली, "आता थांबली." कोपऱ्यात हरिओम फिसकन हसला. आणखी थोड्या वेळानं तिचं अंग म्हणालं, खुर्ची डावीकडे निघाली. तिनं तसं सांगितलं. मोईजनी पट्टी सोडली. खुर्ची उभी होती, आणि सरांचे हात खिशात.

"तू थांबली म्हणालीस तेव्हा ती फिरतच होती," मोईज म्हणाले. "डावीकडे म्हणालीस तेव्हा ती थांबली होती. कानाच्या आत पाणी असतं. एका लयीत फिरलं, की ते पाणी फिरणं विसरतं. थांबलं, की उलटं सांगतं."

डिंपल म्हणाली, "हे तुम्ही दोघं म्हणताय."

हरिओमनं मोबाईलवर चित्रीकरण केलं होतं, ते दाखवलं. तिनं ते दोनदा पाहिलं आणि म्हणाली, की हे मागेपुढे करता येतं. हरिओमनं कपाळावर हात मारला. मग तिनं स्वतःचा मोबाईल खिडकीत ठेवला, स्वतः चालू केला, स्वतः पट्टी बांधली आणि म्हणाली, "आता फिरवा." पुन्हा तेच झालं. पुन्हा एकदा केलं, पुन्हा तेच. तिच्याच मोबाईलवर, तिच्याच आवाजात, थांबलेल्या खुर्चीवर बसलेली धाडची डिंपल सुरडकर ठामपणे सांगत होती, की मी डावीकडे फिरतेय.

आता मात्र तिच्या पायाखालची जमीन सरकली. आजवर तिनं जीपवाल्यावर, गुरुजींवर, यंत्रावर, सरांवर संशय घेतला होता. घरातला चोर तिनं कधी बघितलाच नव्हता. मोतीराम चुकला होता. तो सच्चा माणूस, पण मिरचीच्या पोत्यापुरताच सच्चा.

मोईज तिला म्हणाले नाहीत, की उपकरणांवर विश्वास ठेव. तिचा स्वभाव त्यांनी ओळखला असावा. ते म्हणाले, "विश्वास कुणावरच ठेवू नकोस. सगळ्यांना विचार. फक्त स्वतःलाही त्याच रांगेत उभं कर."

हे तिला एकदम पटलं. तिनं खोलीवर खुर्चीत बसून नव्यानं सराव सुरू केला. गावच्या पंचायतीत साक्षीदारांना एकेकटं विचारतात तसं. क्षितिज, तू काय म्हणतेस? उंची, तू? पुन्हा क्षितिज. वेग, तू? पुन्हा क्षितिज. दिशा? राखीव क्षितिज? सगळ्यांची साक्ष जुळली आणि एकटं अंगच वेगळं बोललं, तर खोटारडा कोण? नजर अशी फिरवत राहण्याची पद्धत पायलट लोकांत आहेच. संशयी माणसाला ती शिकवावी लागत नाही, नुसती वळवावी लागते.

एवढं झालं तरी एक गाठ राहिलीच. हरिओमनं तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ढगात गरगरलं तरी तोंडातून शब्द काढू नकोस. बोललीस की कागदावर आलं, आणि कागदावर आलं की गेलीस." सगळी पोरं हेच मानत होती. डिंपललाही ते खरं वाटलं. मोईज सर तर तिच्या तोंडून नेमकं तेच ऐकायला टपलेले असणार.

जादा उड्डाणांतलं शेवटचं उड्डाण आलं. ढग त्या दिवशीही दाट होते. वर जाताना सर एक शब्द बोलले नाहीत, आणि डिंपलनं ओळखलं, की आज निकाल ठरवूनच आलेत. उजवीकडे लांब वळण. मग सरळ. आणि सरळ केल्याबरोबर अंग पुन्हा बोंबललं, डावीकडे कललीस, पडतेयस! इतक्या जोरात ते कधीच बोललं नव्हतं. मान आपोआप कलली.

ती साक्षी घेत राहिली. क्षितिज सरळ. उंची स्थिर. क्षितिज सरळ. राखीव सरळ. दिशा स्थिर. खोटं बोलणारं एकच होतं. पण हात तिचे होते, आणि हात अंगाचं ऐकायला निघाले होते. किती वेळ धरवेल, याची तिला खात्री देता येईना. भीती वाटली तिला, खरी भीती, आईला हाक मारावीशी वाटावी तशी. गप्प बसलं तर कदाचित निभेल, कदाचित नाही. बोललं तर वाट बंद. पण गप्प बसायला स्वतःवर भरवसा लागतो, आणि तो तर आता उरला नव्हता.

"सर, मला भ्रम होतोय," ती म्हणाली. "डावीकडे कलल्यासारखं वाटतंय. मी उपकरणांवर आहे. विमान सरळ आहे."

झालं, तिला वाटलं, मिळालं यांना हवं ते.

मग मोईज म्हणाले, "कंट्रोल घेऊ?"

डिंपलनं पुन्हा एकदा क्षितिज पाहिलं. "नको सर. पण हात जवळ ठेवा."

"ठेवले," मागून आवाज आला.

त्यानंतर स्टिक तिला हाताला वेगळीच लागली. जड, शांत, कोणीतरी दुसऱ्यानंही धरल्यासारखी. हॉकमध्ये दोन्ही स्टिक एकमेकींना जोडलेल्या असतात, मागच्यानं धरली की पुढच्याला कळतं. ढग संपेपर्यंत विमान रेघेसारखं सरळ गेलं. उतरल्यावर मोईज एवढंच म्हणाले, "उद्या तपासणी." मुख्य प्रशिक्षकांनी तपासणी घेतली, ती पास झाली, देखरेखीतून नाव निघालं. पण डिंपलच्या मनात बसलं ते बसलंच. त्या दिवशी विमान मोईज सरांनी धरलं होतं. दया आली असेल. आपण तरलो ते दुसऱ्याच्या हातावर.

बीदर संपलं. डिंपलला स्क्वाड्रन मिळालं, एका आसनाचं लढाऊ विमान मिळालं. लोकांना वाटतं, इथे पोचलं की झालं. कशाचं झालं! इथे पुन्हा पहिलीपासून. आधी सिम्युलेटर, मग दोन आसनांच्या विमानात कुणीतरी सोबत, मग एकटीनं. एकास एक हवाई झुंज, मग दोनास दोन. बॉम्ब आणि तोफेचा सराव, तोही आधी दिवसा. मग काळोखातली उड्डाणं, हवेत इंधन भरणं, आणि जोडीनं उडताना पुढच्याच्या पाठीवर नजर ठेवणं. प्रत्येक पायरीला कुणीतरी वरिष्ठ सही करतो, आणि सही झाल्याशिवाय पुढची पायरी नाही. शेवटी एक दिवस स्क्वाड्रनचे प्रमुख म्हणतात, आता ही लढाईला पाठवायला तयार. त्याला ते ऑप्स झाली म्हणतात. तोवर सगळे विद्यार्थीच.

डिंपल ऑप्स झाली. सगळ्यांनी पाठ थोपटली. तिला मात्र प्रत्येक थापेसरशी बीदरची ती जड स्टिक आठवायची. उद्या खऱ्या लढाईत ढगात शिरले, आणि मागे आसनच नाही, तर? ज्याच्या हातावर आपण इथवर आलो, तो हात तर बीदरलाच राहिला. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

सुट्टीत ती धाडला आली. मंजुळाबाईनं भाकरी टाकता टाकता तिचे हात उलटेपालटे करून बघितले, की कुठे लागलंय का आणि पोरगी लपवते का. मोतीराम म्हणाला, "गावात लोक इचारतेत, खरंच लढाईचं इमान हाय का? मी म्हणलं, पंख मी सोता घासून पाह्यले." संध्याकाळी डिंपल मिरचीच्या वावराकडे गेली, बांधावर बसली आणि मोईज सरांना फोन लावला.

"सर, ऑप्स झाले."

"कळलं मला. मुबारक हो," मोईज म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, कमी.

"सर, एक विचारायचं होतं. बीदरला तुम्ही मला काढणार होता ना?"

"हो," ते म्हणाले. "त्या दिवशी सकाळी मुख्य प्रशिक्षकांना सांगूनच आलो होतो, की आजचं शेवटचं. म्हटलं, मुलगी हुशार आहे, मेहनती आहे, पण स्वतःच्या अंगावर फार विसंबते. एक दिवस जीव जाईल तिचा."

तिचा संशय खरा निघाला होता. पहिल्या दिवसापासूनचा. तरी तिला त्याचा आनंद झाला नाही.

"मग शिफारस काऊन केली सर?" घरची बोली तोंडातून निसटली.

"कारण तू बोललीस. तुला माहीत होतं मी काढणार आहे, हे मलाही दिसत होतं. तरी बोललीस."

डिंपलनं पायाजवळचं ढेकूळ उचललं आणि हातात कुस्करलं. आता विचारायचंच होतं. "पण विमान तर तुम्हीच धरलं होतं सर. स्टिक जड झाली होती. मले समजत होतं. माह्या हाताले लागत होतं ते."

"मी?" मोईज म्हणाले. "तू जवळ ठेवा म्हणालीस, मी जवळ ठेवले. लावले नाहीत. ढगाबाहेर येईपर्यंत बोटसुद्धा लावलं नाही. ते विमान तूच आणलंस, सुरडकर."

"नाही सर, जड लागत होती..."

"कुणाला लागत होती?" त्यांनी विचारलं.

वावरातून मोतीराम हाका मारत येत होता, चहा निवला म्हणून. कशावरून, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पुरावा काय, साक्षीदार कोण, मागच्या आसनात तुमच्याशिवाय होतं कोण? आणि मोईज सरांनीही बहुधा त्याचीच वाट पाहिली, कारण फोन त्यांनी ठेवला नाही.

पण डिंपलनं विचारलं नाही. "बरं सर," एवढंच ती म्हणाली, आणि डोळे पुसले. सुरडकरांच्या घराण्यात दुसऱ्याचा शब्द असा नुसता ठेवून घेतल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं.